चौथ्या पातळीवरचा एकच अणू

"मॅडम, दोन ओळी पुढच्या पानावर जातायत," ऑफिसातली टायपिंग करणारी बाई म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं.

बारावीच्या प्रिलिमचा फिजिक्सचा पेपर मी काढला होता. त्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आला होता आणि प्रिन्सिपॉल सरांचं फर्मान सुटलं होतं की यापुढे पेपर हाताने लिहायचे नाहीत, टाईप करायचे, आणि पाठपोट एकाच कागदावर बसवायचे. स्टेन्सिलवर लिहायचे तेव्हा मी अक्षर बारीक करून वाट्टेल तेवढं बसवायची. या यंत्राला ते कळत नव्हतं. दोन ओळी जास्त म्हणजे जास्त, त्यासाठी अख्खा दुसरा कागद.

"समास कमी करा की."

"केलाय. आता प्रिंटर कापेल."

"अक्षर बारीक करा."

"याहून बारीक मुलांना दिसणार नाही, मॅडम. तुम्हीच काहीतरी काढा ना." माझ्या मागे केमिस्ट्रीचे सर पेपर घेऊन ताटकळत उभे होते आणि दर मिनिटाला घसा खाकरत होते. नवीन शतक सुरू झालं होतं, पलीकडे हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि आमच्याकडे तीन शिकलेली माणसं दोन ओळींसाठी अडून बसली होती.

शेवटचा प्रश्न हायड्रोजन अणूचा होता. चार भागांचा, सात मार्कांचा. पेपर इंग्रजीत असायचा, इथे मी मराठीत सांगते. अणूच्या सगळ्यात खालच्या पातळीची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिलेली. पहिल्या भागात पहिल्या चार पातळ्यांच्या ऊर्जा काढायच्या. दुसऱ्या भागात चौथीवरून दुसरीवर उतरताना निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी. तिसऱ्यात, चौथीपासून खाली येताना निघणाऱ्या रेषांतली सगळ्यात लांब तरंगलांबी कोणती, ते सांगायचं आणि काढायची. आणि चौथा, एका मार्काचा. त्यात मी लिहिलं होतं की एका नळीत हायड्रोजन वायू भरला आहे, वीज सोडून त्यातले अणू चौथ्या पातळीपर्यंत उत्तेजित केले आहेत, तर त्यांच्या वर्णपटात जास्तीत जास्त किती रेषा मिळतील?

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं घालत आले होते. उत्तर सहा. चौथीवरून तिसरी, दुसरी, पहिली, तिसरीवरून दुसरी, पहिली, दुसरीवरून पहिली. मोजा, सहा होतात. त्याचं एक छोटं सूत्रही आहे आणि ते क्लासवाले मुलांना पाढ्यासारखं पाठ करून घेतात.

"काढा ती नळी," मी म्हणाले. "लिहा, एक हायड्रोजन अणू चौथ्या पातळीवर आहे. तो खाली येताना जास्तीत जास्त किती फोटॉन बाहेर टाकेल? झालं. बसलं का?"

"बसलं," बाई म्हणाली. केमिस्ट्रीच्या सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मी आमच्या जुन्या पिवळ्या पडलेल्या फाईलमधली आदर्श उत्तरपत्रिका जशीच्या तशी पेपरला टाचली.

तपासायला दोन तुकड्यांचे मिळून एकशे चाळीस पेपर आले. प्रिलिमचे पेपर तपासणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याने तपासलेत त्यालाच ठाऊक. मुलांनी सगळीकडे एकच चूक करून ठेवलेली. उणे १.५१ आणि उणे ०.८५ अशा पातळ्या नीट काढायच्या, आणि पुढे वजाबाकीच्या आधी कंटाळा आला म्हणून १.५ आणि ०.९ करून टाकायचे. मग फरक ०.६६ च्या जागी ०.६ येतो, आणि तरंगलांबी १८,७५० अँगस्ट्रॉमच्या जागी वीस हजारांच्या पुढे पळते. अरे, राउंड ऑफ शेवटी करा, आधी नाही! हे मी वर्षभर घसा फोडून सांगितलं होतं. भिंतीला सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. पण चौथ्या भागात सगळे खूश. सहा, सहा, सहा. मी बरोबरच्या खुणा मारत सुटले.

आणि मग एका पेपरात सहा खोडलेलं दिसलं.

आधी मुलीने सहा लिहिलं होतं. मग ते एका सरळ रेघेने खोडून खाली तीन लिहिलं होतं, आणि शेजारी चार आडव्या रेघा ओढून एकाखाली एक तीन बाण काढले होते. चौथीवरून तिसरी, तिसरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली. मला संतापच आला. इतकं सोपं, बरोबर आलेलं उत्तर, आणि स्वतःच्या हाताने घाण करायची! मी तिथे लाल शाईने फुली मारली आणि शेजारी इंग्रजीत शेरा लिहिला, ठळक, खाली रेघ ओढून: आधीचं उत्तर बरोबर होतं!

एकूण पन्नासपैकी एकोणतीस पडले तिला.

बुधवारी पेपर वर्गात बघायला वाटले आणि तासाच्या शेवटी परत घेतले. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारी मुलगी, वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, कधी तोंड उघडायची नाही. माझ्या हातात चहाचा कप होता आणि पाच मिनिटांत पुढचा तास.

"मॅडम, शेवटच्या प्रश्नात एक मार्क..."

"नाही," मी म्हणाले. एक मार्क मागणाऱ्यांची त्या दिवशी रांग लागली होती.

"तसं नाही मॅडम. एकच अणू आहे ना, मग सहा कसे?"

"सूत्र बघ. चारला तीनने गुणायचं, दोनने भागायचं. किती झाले?"

"सहा. पण मॅडम, तो एकदा..."

"तू आधी सहाच लिहिलं होतंस की नाही? मग कुणी सांगितलं खोडायला?" चहा निवत चालला होता. "परीक्षेत असं डळमळायचं नसतं गं."

ती तशीच उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, फिजिक्समध्ये तीस पडले तरच इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर सही करतो. नाहीतर डी.एड.ला घालणार आहेत. फॉर्म सोमवारपर्यंत ऑफिसात द्यायचाय."

"सगळ्यांच्याच बाबांचं काही ना काही असतं," मी म्हणाले. असं म्हणाले मी. आता लिहिताना बोटं अडतात, पण म्हणाले खरी. "एका मार्काने कुणाचं काही होत नाही. बोर्डाला नीट अभ्यास कर."

ती गेली आणि मी चहा संपवला.

शुक्रवारी मी वर्गात पेपर सोडवून दाखवायला घेतला. शेवटचा प्रश्न आला. फळ्यावर चार आडव्या रेघा ओढल्या, बाजूला ऊर्जा लिहिल्या. दुसरा भाग झाला: २.५५ चा फरक, बारा हजार चारशे भागिले २.५५, साधारण ४८६० अँगस्ट्रॉम, डोळ्यांना दिसणारी निळसर हिरवी रेषा. तिसरा झाला: ऊर्जेतला फरक सगळ्यात कमी तिथे तरंगलांबी सगळ्यात जास्त, म्हणून चौथीवरून तिसरी, आणि ती अवरक्त, दिसत नाही. मग चौथा.

"सहा!" वर्ग एका सुरात ओरडला.

इथेच मला नसती हौस सुचली. म्हटलं, या मुलीसारखं आणखी कुणाच्या डोक्यात काही असेल तर एकदाचं दाखवून द्यावं की ते कसं चूक आहे. नाव न घेता. तेवढी मी सभ्य होते!

"काहीजणांनी तीन लिहिलंय," मी म्हणाले. वर्ग हसला. "हे बघा. हा आपला अणू." मी खडू चौथ्या रेघेवर टेकवला. "तो खाली आला." खडू तिसरीवर ओढला. "एक फोटॉन. आणखी खाली. दोन. आणखी खाली. तीन. आणि आता..."

आणि आता खडू पहिल्या रेघेवर होता. तळाला. चौथा बाण काढायचा तर मला खडू उचलून परत वर न्यायला लागणार होता. अणूला वर कोण नेणार? त्याला तर मी एकटंच ठेवलं होतं, नळी स्वतःच्या हाताने काढून टाकून! नळीत अब्जावधी अणू असतात, कुणी या वाटेने उतरतो, कुणी त्या वाटेने, म्हणून सगळे मिळून सहा रेषा. हा बिचारा एकटा. एका फेरीत त्याला फार तर तीनच पायऱ्या. वाटेत उडी मारली तर दोन, थेट तळाला गेला तर एक. सहा कुठून येणार होते, माझ्या कपाळातून?

ती तिसऱ्या बाकावर वहीत बघत बसली होती, वर बघतसुद्धा नव्हती. ती वर बघून हसली असती तर बरं झालं असतं.

"उरलेलं उद्या," मी म्हणाले आणि घंटा व्हायला दहा मिनिटं बाकी असताना वर्गातून बाहेर पडले. पळ काढला, दुसरा शब्द नाही त्याला.

प्रिन्सिपॉल सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बरोबर उत्तर तीन. आणि किती जणांनी लिहिलंय?"

"तिने एकटीने."

"आणि बाकी सगळ्यांना तुम्ही सहाला मार्क दिलेत." ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी प्रयोगशाळेत आग लावून आले आहे. "अहो, मग सोपं आहे ना. तिचा एक वाढवा, तीस करा, विषय संपवा. बाकीच्यांना हात लावू नका. एवढ्या पालकांना मी ऑफिसात घेऊन बसू का?"

मला हे पटलं, हे कबूल करायला हवं. चटकन पटलं. शनिवारी दुपारी मी तिचा पेपर पर्समध्ये घातला आणि स्कूटीवरून खडकीला निघाले. कॉलेजच्या दप्तरातून पत्ता काढला होता. वाटेत दर सिग्नलला मी मनात तेच तेच वाक्य जुळवत होते. किती साधं वाक्य होतं. तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, मी चुकले. पण जिभेवर येईपर्यंत त्याचं "थोडा घोळ झाला होता" असं काहीतरी व्हायचं.

क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. दार तिच्या बाबांनीच उघडलं. पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. कारखान्यात तपासनीस होते, हे मला मागाहून कळलं. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे बघणं हे त्यांचं काम. मला बघून त्यांनी मुलीला हाक मारली, ती आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"थोडा घोळ झाला होता," मी म्हणाले आणि पेपर टेबलावर ठेवला. "तिचं शेवटचं उत्तर बरोबर होतं. मी एक मार्क वाढवलाय. तीस झाले."

मला वाटलं होतं, माणूस खूश होईल. चहा ठेवायला सांगेल. त्यांनी पेपर स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली. मी उभीच.

"बसा ना मॅडम," मुलगी हळूच म्हणाली.

त्यांना फिजिक्स येत नव्हतं, पण आकडे येत होते. शेवटच्या प्रश्नावर आले तेव्हा थांबले. "इथे हिने १८,७९० लिहिलंय. तुमच्या उत्तरात किती आहे?"

"१८,७५०."

"मग पूर्ण मार्क कसे?"

घ्या! मी मार्क द्यायला आले होते आणि हा गृहस्थ काढून घ्यायला निघाला होता. "अहो, पातळ्या दोन दशांशांपर्यंत घेतल्या की एवढा फरक येतोच. वर मुलं लॉगच्या टेबलाने आकडेमोड करतात. हजारात दोनचा फरक आहे. पद्धत बरोबर आहे."

"हजारात दोन चालतं, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. आम्हाला कळतं."

"बरं," ते म्हणाले. "तुमचं माप तुमचं. आमच्याकडे लिहून ठेवावं लागतं." मग त्यांनी माझा लाल शेरा वाचला, ओठ हलवत. पुढे शेजारचा, मी त्या सकाळी मिळवलेला एक. "आणि बाकीच्या पोरांचं काय उत्तर होतं?"

मी मुलीकडे बघितलं. शेवटी मीच म्हणाले, "सहा."

"ते चूक?"

"चूक."

"त्यांना मार्क?"

"दिलेत."

"आणि ते तसेच राहणार." त्यांनी चष्मा काढला. आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "मॅडम, माझ्याकडे माप बघायला एक गेज असतं. त्याची एक बाजू भागात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. ते गेजच जर झिजलेलं निघालं, तर मी एक पीस उचलून पास करत नाही. त्या गेजने तपासलेला अख्खा लॉट परत काढतो. सगळा. नाहीतर मला काय माहीत, हिचे तीस हे तीसच आहेत की माझी सही मिळावी म्हणून तुम्ही दिलेत?"

"अहो, पण उत्तर बरोबर आहे तिचं! मी फिजिक्सची शिक्षिका सांगतेय ना तुम्हाला!"

"बुधवारीपण तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

मुलगी चौकटीपाशी लाल झाली होती. "बाबा," एवढंच म्हणाली.

"फॉर्म सोमवारी द्यायचाय," ते म्हणाले. "मी अर्धी सुट्टी टाकून येतो. सगळे तपासले असतील तर सही करतो."

परत येताना मी हेल्मेटच्या आत एकटीच बडबडत होते. काय माणूस आहे! आपल्याच पोरीचं नशीब एका मार्कावर टांगून ठेवायचं, आणि तो मार्क घरपोच दिला तर म्हणे लॉट परत काढा. संगमपुलावर येईपर्यंत माझ्या त्याला पुरेशा शिव्या देऊन झाल्या. मग काहीच उरलं नाही, कारण माणूस चुकीचं काही बोलला नव्हता. तेच तर डोक्यात जात होतं.

रविवारी कॉलेज उघडायला लावलं. शिपाईबाबांनी कपाटातून एकशे चाळीस पेपर काढून प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर मांडले, आणि ते मला बघून काय समजायचं ते समजले. आमच्याकडे एक रीत आहे: दिलेला मार्क बदलला तर तो खोडून नवा लिहायचा आणि शेजारी तपासणाऱ्याने सही करायची. सहीशिवायची खाडाखोड धरत नाहीत. म्हणजे दर पेपरला आतल्या पानावर एक खाडाखोड आणि एक सही, वर एकूण बेरजेत पुन्हा एक खाडाखोड आणि एक सही. एकशे बारा मुलांनी सहा लिहिलं होतं. उरलेल्यांनी प्रश्न सोडूनच दिला होता, देव त्यांचं भलं करो. दुपारपर्यंत माझी सही सहीसारखी दिसेनाशी झाली. आणि दर पेपरला तीच ती बरोबरची लाल खूण, माझ्याच हातची, ऐटीत मारलेली. चार मुलं पास होती ती नापास झाली. त्यातल्या एकाच्या पेपरावर तर मी "छान" असं लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी नोटीस लावली. "प्रश्न सातच्या चौथ्या भागाचं बरोबर उत्तर तीन आहे. तपासताना शिक्षिकेकडून चूक झाली आहे. सर्व पेपर पुन्हा तपासले आहेत." प्रिन्सिपॉल सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "शिक्षिकेकडून हे शब्द गाळले तरी चाललं असतं." मी म्हणाले, "दोन ओळी वाचवल्या तर हे झालं, सर. आता गाळणार नाही." ते केबिनचं दार लावून आत बसले.

मग व्हायचं ते झालं. पोरं आली, पालक आले, फोन आले. एक आई म्हणाली, "पण क्लासमध्ये सहाच शिकवलंय हो." मी म्हणाले, "मग क्लासला जाऊन विचारा, त्यांनी तुम्हाला एक अणू दिला होता की अख्खी नळी." नापास झालेल्या चौघांतला एक दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, चूक तुमची आणि मार्क आमचे?" म्हटलं, "हो रे बाबा, तसंच झालंय." तो निघून गेला. त्याचा राग मी अजूनही विसरलेले नाही, आणि त्याला उत्तरही सापडलेलं नाही.

बाराच्या सुमारास ते आले. पांढरा शर्ट, खिशाला तीच दोन पेनं. मुलगी मागे. नोटीसबोर्डपाशी उभे राहून त्यांनी आधी नोटीस वाचली आणि मग मार्कांची यादी, वरून खाली, बोट फिरवत, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. मग प्रयोगशाळेत आले.

"दोन-चार पेपर दाखवाल?"

मी गठ्ठा पुढे सरकवला. त्यांनी मधूनमधून पाच-सहा काढले. आतलं पान, सही. वरची बेरीज, सही. मान हलवली. मग म्हणाले, "हिचा?"

मी दिला. आत एक मिळवलेला, शेजारी सही. वर एकोणतीस खोडून तीस, शेजारी सही. मला वाटलं, संपलं एकदाचं. मी खुर्चीत बसले.

त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला आणि बोट टेकवलं.

"हे राहिलं," ते म्हणाले.

बोटाखाली माझा शेरा होता. ठळक, खाली रेघ ओढलेला. आधीचं उत्तर बरोबर होतं. एकशे बारा पेपर खोडले मी, दोनशेवर सह्या केल्या, आणि ही एक ओळ तशीच ठेवली होती. मार्क दिला होता, पण तिचं बरोबर आणि माझं चूक असं त्या कागदावर अजून कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य शनिवारी खडकीतही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मुलगी टेबलापलीकडे उभी होती. पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"तू बरोबर होतीस," मी तिला म्हणाले. "आधीपासून. तू दाराशी येऊन सांगत होतीस आणि मला चहा प्यायचा होता."

डोळे भरून आले होते तिचे, आणि माझे काही कोरडे नव्हते.

मी लाल पेनाने शेऱ्यावर एक सरळ रेघ ओढली. जशी तिने सहावर ओढली होती तशीच. पेन खाली ठेवलं.

"सही," तिचे बाबा म्हणाले.

मी सही केली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला, टेबलावर पसरला, तळहाताने सपाट केला, आणि माझं लाल पेन बाजूला सारून स्वतःचं निळं पेन उघडलं.

"कुठे करायची?" त्यांनी मुलीला विचारलं.

तिने जागा दाखवली.